मुख्य वक्ते येत नाहीत, व्याख्यान उद्या संध्याकाळी सहाला: बदली कोण आणि श्रोत्यांना सांगायचं कसं?

शाईपेन

आमच्या मंडळाचं वार्षिक व्याख्यान उद्या संध्याकाळी सहाला आहे. विषय 'झोप आणि वाढतं वय'. वक्ते झोपविकारांचे तज्ज्ञ डॉक्टर आहेत. आज दुपारी चारला त्यांचा फोन आला. घरात अचानक मोठी अडचण उभी राहिली आहे, येणं शक्य नाही. कारण खरं आहे, त्याबद्दल शंका नाही.

१८० जणांची नावनोंदणी झाली आहे, त्यातले साधारण साठ जण बाहेरगावाहून येणार. प्रवेशशुल्क घेतलं आहे. निमंत्रणपत्रिका आणि मंचामागचा फलक दोन्हींवर त्यांचंच नाव आणि फोटो आहे.

बदलीसाठी तीन नावं सुचली आहेत. एक, मंडळाचेच निवृत्त प्राध्यापक, कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकतात. दोन, मूळ वक्त्यांच्या विभागात काम करणाऱ्या तरुण डॉक्टर, विषय त्यांचाच आहे, पण फारसं कुणाला नाव माहीत नाही. तीन, एक नावाजलेले लेखक, त्यांचा या विषयाशी संबंध नाही पण ते आले तर सभागृह भरेल.

कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. काही म्हणतात आत्ताच कळवा, काही म्हणतात उद्या मंचावरूनच सांगू, नाहीतर निम्मे लोक येणार नाहीत. काय करावं?

झांजपथक

आधी बदली वक्ता नक्की करा आणि मगच कळवा. 'वक्ते येत नाहीत, पुढचं नंतर सांगू' असा निरोप गेला की लोक कार्यक्रमच रद्द झाला असं धरून चालतात. आणि लेखकांना बोलवा. लोक नावाला येतात, विषयाला नाही.

विंगेतून

झांजपथक यांचं पहिलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अर्धवट निरोपाने गोंधळ होतो, हे खरं. पण थांबायलाही मर्यादा हवी. तुमच्याकडे बाहेरगावचे साठ लोक आहेत. ते उद्या सकाळी निघणार असतील तर आज रात्रीपर्यंत त्यांना कळलंच पाहिजे, बदली ठरलेली असो वा नसो. आज रात्री आठ ही निर्णयाची वेळ ठरवा. आठपर्यंत नाव पक्कं झालं तर एकच पूर्ण निरोप द्या. नाही झालं तर 'डॉ. अमुक उद्या येऊ शकत नाहीत. कार्यक्रम ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी होणार आहे. नव्या वक्त्यांचं नाव सकाळी नऊपर्यंत कळवतो' एवढा निरोप द्या. यातलं दुसरं वाक्य गाळलंत तर मात्र झांजपथक म्हणतात तसंच होईल.

मंचावरून पहिल्यांदा सांगायचा विचार सोडूनच द्या. आधी कळलं तर काही लोक येणार नाहीत, हे मान्य. पण शुल्क भरून, दोन-तीन तास प्रवास करून आलेल्या माणसाला खुर्चीत बसल्यावर हे कळलं, तर तो पुढचा तासभर नव्या वक्त्याकडे रागानेच बघतो. त्या वक्त्याची काही चूक नसताना तुम्ही त्याला नाराज सभागृहासमोर उभं करता.

आता नाव. निवड करताना एकच बघा: पत्रिकेवरच्या विषयासाठी आलेल्या माणसाला या वक्त्याकडून त्या विषयातलं काही मिळेल का? तुमच्या श्रोत्यांनी 'झोप' वाचून नाव नोंदवलं आहे. त्यांच्यातल्या कित्येकांना स्वतःच्या झोपेबद्दल काहीतरी विचारायचं असणार. लेखक आले तर सभागृह भरेलही, पण तो वेगळाच कार्यक्रम होईल, आणि शुल्क घेऊन कार्यक्रमच बदलला अशी तक्रार येईल, ती रास्तच असेल. प्राध्यापक दुसऱ्यांची पुस्तकं वाचून बोलतील, आणि पहिल्याच प्रश्नाला अडतील. माझं मत तरुण डॉक्टरांना.

त्यांना फोन करायच्या आधी मूळ वक्त्यांना एक छोटा निरोप पाठवा. अडचणीत असलेल्या माणसाला फोनवर गुंतवू नका. तीनच गोष्टी विचारा: कारण म्हणून काय सांगितलेलं चालेल, या डॉक्टरांना बोलावलं तर हरकत नाही ना, आणि श्रोत्यांसाठी दोन ओळी देता येतील का. मधली गोष्ट महत्त्वाची आहे. एकाच विभागातली ज्येष्ठ-कनिष्ठ माणसं आहेत. ज्येष्ठांनी स्वतः 'तू जा' म्हटलं की कनिष्ठांचा संकोच जातो.

आणि त्यांना बोलावताना ही बदली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. काही संयोजक लपवतात, मग पाहुण्यांना प्रवेशद्वारावरच्या फलकावर दुसऱ्याचा फोटो दिसतो. मानधनही मूळ वक्त्यांना ठरलं होतं तेवढंच द्या. तयारीला त्यांना एकच रात्र मिळते आहे, उलट काम जास्तच आहे.

पानगळ

मलाही परवा एका ठिकाणी बोलायला जायचं आहे आणि तीन दिवस ताप आहे. संयोजकांना वाईट वाटू नये असं कसं कळवावं?

विंगेतून

पानगळ, धागा दुसऱ्या बाजूचा आहे, तरी थोडक्यात सांगतो. 'बघतो, बरं वाटलं तर येतो' असं म्हणू नका. त्यानं संयोजक ना बदली शोधू शकत, ना निर्धास्त राहू शकत. आजच स्पष्ट नाही म्हणा, आणि तुमच्या विषयावर बोलू शकतील अशी दोन नावं त्यांच्याशी आधी बोलून मगच द्या. पत्राच्या मजकुरापेक्षा संयोजकांना त्याचा जास्त उपयोग होईल.

शाईपेन

खूप आभार. मूळ वक्त्यांचं उत्तर आलं. 'कौटुंबिक कारण एवढंच सांगा' म्हणाले, आणि त्यांनीच डॉक्टरांना फोन केला. त्या तयार आहेत. पण त्या म्हणतात, एवढ्या मोठ्या सभेत कधी बोलले नाही, सत्तर मिनिटं कशी भरायची? मूळ वक्त्यांनी आपल्या स्लाइड द्यायची तयारी दाखवली आहे. त्यावरून बोलू द्यावं का?

विंगेतून

दुसऱ्याच्या स्लाइडवरून बोलायला देऊ नका. पुढच्या स्लाइडवर काय आहे हे बोलणाऱ्याच्या डोक्यात नसतं, त्यामुळे तो पडद्याकडे वळून वाचायला लागतो. मूळ वक्त्यांच्या मनात त्या चित्राला जोडलेलं जे स्पष्टीकरण होतं, ते स्लाइडवर लिहिलेलं नसतं. फार तर दोन-तीन आकृत्या घ्या, त्याही डॉक्टरांना स्वतःला समजावून सांगता येतील अशाच, आणि कुणाच्या आहेत ते सांगून.

व्याख्यानाऐवजी मुलाखत करा. सवय नसलेला माणूस घाबरला की भरभर बोलतो, चाळीस मिनिटांचं भाषण पंचवीस मिनिटांत संपतं आणि मग सभागृहात शांतता पसरते. मुलाखतीत वेळेची जबाबदारी विचारणाऱ्यावर जाते. आणि डॉक्टर लोक रोज प्रश्नांनाच उत्तरं देत असतात, तो त्यांचा सरावाचा भाग आहे.

सत्तर मिनिटं अशी वाटून घ्या. पहिली दहा डॉक्टर एकट्या बोलतील, आपण रोज काय काम करतो एवढ्याचंच. मग पस्तीस मिनिटं मुलाखत, वीस मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न, आणि पाच मिनिटं हाताशी. पस्तीस मिनिटांना सात-आठ प्रश्न पुरतात. बारा लिहून ठेवा, पण शेवटचे चार गरज पडली तरच.

तुमचे प्राध्यापक इथे कामाला येतील. मुलाखत त्यांनी घ्यावी. त्यांना बोलायची सवय आहे, पण आज रात्री डॉक्टरांशी अर्धा तास फोनवर बोलल्याशिवाय नाही. त्या फोनवर प्रश्नांची पूर्ण उत्तरं घोकून घ्यायची नाहीत. फक्त विषय आणि क्रम ठरवायचा, आणि कुठला प्रश्न नको आहे ते विचारायचं. सगळी उत्तरं आधीच देऊन झाली की उद्या ती शिळी वाटतात. पहिला प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर त्या झोपेतही देतील, म्हणजे वय वाढलं की पहाटे लवकर जाग का येते, यासारखा. कठीण प्रश्न, उदाहरणार्थ झोपेच्या गोळ्यांबद्दलचा, मध्यावर.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. विषय आरोग्याचा आहे, हातात माइक दिला की माणूस स्वतःची सगळी तब्येत सांगत बसतो, आणि नव्या वक्त्याला त्याला थांबवणं जमत नाही. चिठ्ठ्या आल्या की प्राध्यापक एकसारखे प्रश्न एकत्र करू शकतात.

ध्वनिमुद्रक

मूळ वक्त्यांना पडद्यावरून दहा मिनिटं घ्यायचा मोह होईल, म्हणून आधीच लिहितो. घरात अडचण असलेल्या माणसाकडे हे मागूच नये, हा एक मुद्दा. दुसरा तांत्रिक. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत लॅपटॉपचा आवाज तारेने जोडलेला नसेल आणि लॅपटॉपसमोर माइक धरला, तर मागच्या रांगांना एक शब्द कळत नाही, आणि वक्त्यांना त्यांचाच आवाज उलटा ऐकू येतो. हे जोडून, तपासून घ्यायला कार्यक्रमाआधी निदान एक तास लागतो. त्यांच्या दोन ओळी मिळाल्या असतील तर कुणीतरी वाचून दाखवा, तेवढं पुरे.

मंचामागच्या फलकाबद्दल: नावावर पट्टी चिकटवू नका. फ्लेक्सवर लावलेली पट्टी दिव्याच्या उजेडात वेगळी चमकते, कडा उचलतात, आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथेच जातं. नवा छापून मिळत असेल तर उत्तम. नाहीतर फलक काढून साधा एकरंगी पडदा सोडा आणि मंडळाचं नाव प्रोजेक्टरवर दाखवा.

झांजपथक

फलक तसाच ठेवला तर काय बिघडतं? सगळ्यांना आधीच कळवलेलं असेल ना.

ध्वनिमुद्रक

फोटो उरतात. उद्याच्या प्रत्येक फोटोत डॉक्टर बोलताहेत आणि मागे दुसऱ्याचा चेहरा. त्यांना तो फोटो कुणालाही दाखवता येणार नाही.

विंगेतून

फलक निदान सगळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या जागी राहिलेलं जुनं नाव जास्त घात करतं. शाईपेन, आज रात्री एकाच माणसाला हे काम द्या: जुनं नाव जिथे जिथे आहे तिथून काढायचं. सूत्रसंचालकांची संहिता, परिचयाचा कागद, टेबलावरची नामपाटी, स्मृतिचिन्ह, मानपत्र, प्रोजेक्टरची पहिली स्लाइड, आणि आभाराचा कागद. सगळ्यात जास्त वेळा चूक होते ती आभारात. आभार मानणारा माणूस आठवड्यापूर्वी लिहून तयार असतो, त्याला सुधारित संहिता कुणी देत नाही, आणि शेवटच्या मिनिटाला तो न आलेल्या वक्त्यांच्या 'अभ्यासपूर्ण व्याख्यानाबद्दल' आभार मानतो. सुधारित प्रती हातात देताना जुन्या परत घ्या. दोन्ही खिशात राहिल्या की जुनीच बाहेर येते.

स्मृतिचिन्हावर नाव कोरलेलं असेल तर ते मूळ वक्त्यांसाठी जपून ठेवा. डॉक्टरांना नाव नसलेलं दिलं तरी चालतं.

बातमीचंही बघा. वर्तमानपत्रांना आगाऊ मजकूर पाठवला असेल तर आजच सुधारित पाठवा. प्रतिनिधी आला नाही तर आगाऊ मजकुरावरूनच बातमी लागते, आणि परवा छापून येतं की मूळ वक्त्यांनी मार्गदर्शन केलं. घरच्या अडचणीसाठी थांबलेल्या माणसाला ते फार अडचणीचं होतं.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे परवा नाही म्हणाले. त्यांना दोन शब्द बोलायचे होते आणि साठ बक्षिसं द्यायची होती. आम्हीही मुलाखत ठेवावी का?

विंगेतून

नको. तिथे लोक पाहुण्यांसाठी नव्हे, आपल्या मुलांसाठी येतात. बाहेरून कुणाला धावतपळत आणायचीही गरज नाही. साठ बक्षिसं चार ज्येष्ठांत वाटून द्या, पंधरा-पंधरा. दोन शब्द त्यांच्यातल्या एकानेच बोलावे. प्रमाणपत्रांवर पाहुण्यांची सही छापली नाही ना, एवढं मात्र आजच बघा.

झांजपथक

कारणाबद्दल. 'कौटुंबिक कारण' म्हटलं की लोक कुजबुजतात. सरळ 'गाडी चुकली' किंवा 'विमान रद्द झालं' म्हणा, कुणी पुढे विचारत नाही.

रविवारची पेटी

असं करू नका, कळकळीनं सांगते. श्रोत्यांत मूळ वक्त्यांचे ओळखीचे, त्यांचे रुग्ण असणारच. एकाने जरी उद्या त्यांच्याच गावात त्यांना पाहिलं तर खोटं उघड होतं, आणि ते वक्त्यांच्या नावावर जमा होतं. ज्याला तुम्ही सांभाळून घेत होतात तोच खोटा ठरतो. वक्त्यांनी दिलेले शब्द जसेच्या तसे वापरायचे, त्यात भर घालायची नाही. कुणी खोदून विचारलं तर 'त्यांनी एवढंच सांगायला सांगितलं आहे' हे उत्तर पुरतं. दारावरच्या स्वयंसेवकांनाही हेच वाक्य पाठ करून द्या, नाहीतर प्रत्येक जण आपल्या अंदाजाने आजारपण सांगत सुटतो.

'अपरिहार्य कारणास्तव' हे मात्र टाळा. ते इतकं गुळगुळीत झालं आहे की लोकांना त्यामागे भांडण दिसतं.

शाईपेन

निरोपाचा आणि मंचावरच्या निवेदनाचा मसुदा केला आहे. बघून सांगा.

निरोप: 'उद्याच्या व्याख्यानाबाबत. नमस्कार. आम्हांला कळवण्यास अत्यंत खेद होतो की उद्याचे आपले सर्वांचे आवडते वक्ते डॉ. अ कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाहीत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. त्यांच्याऐवजी डॉ. ब यांनी ऐन वेळी येण्याचं मान्य केलं आहे. कृपया सहकार्य करावे.'

निवेदन: 'आज डॉ. अ येणार होते, पण दुर्दैवाने ते येऊ शकले नाहीत. आपला हिरमोड झाला असेल, आम्हीही नाराज आहोत. पण डॉ. ब आपल्या विनंतीला मान देऊन धावून आल्या, त्यांचे आभार.'

रविवारची पेटी

निरोपाच्या शीर्षकातच बदल दिसू द्या: 'उद्याच्या व्याख्यानाचे वक्ते बदलले आहेत'. नुसतं 'व्याख्यानाबाबत' लिहिलं तर लोक आठवण करून दिली असं समजून उघडतही नाहीत. मजकूर असा करून बघा:

'नमस्कार. उद्या, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता ठरलेल्या सभागृहात होणाऱ्या कार्यक्रमाला डॉ. अ कौटुंबिक कारणामुळे येऊ शकत नाहीत. विषय तोच आहे: झोप आणि वाढतं वय. डॉ. अ यांच्याच विभागात झोपविकारांच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. ब यांची मुलाखत होईल आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना त्या उत्तरं देतील. या बदलामुळे आपल्याला यायचं नसेल तर उद्या दुपारी १२ पर्यंत या निरोपाला उत्तर द्या, प्रवेशशुल्क परत केलं जाईल. आपल्याला उशिरा कळवावं लागलं, याबद्दल क्षमस्व.'

क्षमा एकदाच, आणि शेवटी. 'सहकार्य करावे' काढा, शुल्क भरलेल्या माणसाकडे कसलं सहकार्य मागायचं? शुल्क परत देण्याची ओळ सुरुवातीपासून असू द्या. लोकांनी मागितल्यावर दिलं तर ते भांडून मिळवल्यासारखं वाटतं. परत मागणारे फार नसतात, पण ती ओळ वाचून येणारा माणूस स्वतः ठरवून येतो.

बाहेरगावच्या साठ जणांना नुसता निरोप पुरणार नाही, फोन करा. चार जणांनी पंधरा-पंधरा वाटून घेतले तर पाऊण तासात होतं. आणि जुनं चित्र ज्या ज्या गटांत टाकलं होतं तिथेच नवं टाका, वर मोठ्या अक्षरात 'सुधारित' लिहून. जुनं पुढे गेलेलं परत घेता येत नाही, निदान कुठलं खरं ते कळेल. तरीही काही जण न वाचताच येतील. त्यांच्यासाठी मोठ्या कागदावर हाच मजकूर सभागृहाच्या बाहेर, नोंदणीच्या टेबलाच्या अलीकडे लावा.

विंगेतून

निवेदनाबद्दल मी लिहितो. ते सूत्रसंचालकांनी नाही, अध्यक्षांनी किंवा सचिवांनी करावं, आणि पहिल्या दोन मिनिटांत. स्वागत, प्रास्ताविक झाल्यावर सांगितलं तर तोवर लोक तेच ऐकायची वाट बघत बसतात. एका मिनिटाच्या आत संपवा.

'आपल्यापैकी बहुतेकांना कळलं आहे, तरी सांगतो. डॉ. अ कौटुंबिक कारणामुळे आज आपल्यात नाहीत...' इथे थांबा, हे वाक्य वापरू नका. 'आपल्यात नाहीत' ऐकून मागच्या रांगेतला माणूस दचकेल. 'आज येऊ शकले नाहीत' म्हणा. मग त्यांच्या दोन ओळी वाचा. मग डॉ. ब रोज कुठल्या प्रकारच्या रुग्णांना तपासतात हे एका वाक्यात सांगा आणि मुलाखतीकडे वळा.

तुमच्या मसुद्यातलं 'हिरमोड', 'नाराज' आणि 'धावून आल्या' हे तिन्ही काढा. पहिल्या दोन शब्दांनी ज्याला वाईट वाटलं नव्हतं त्यालाही वाटायला लागतं. तिसऱ्याने डॉक्टर नाइलाजाने मिळालेल्या ठरतात. 'यांच्याऐवजी' एकदाही यायला नको. परिचय त्यांच्या कामाचा, पाच-सहा वाक्यांचा. नावाचा उच्चार त्यांनाच फोनवर विचारून घ्या. मंचावर एक जादा खुर्ची रिकामी ठेवू नका.

झांजपथक

एक शंका. डॉ. अ यांची अडचण उद्या सकाळी सुटली आणि ते म्हणाले 'येतो', तर? शेवटी लोकांनी नाव त्यांच्यासाठी नोंदवलं होतं. मी तर त्यांनाच बोलू देईन.

विंगेतून

मी नाही. डॉक्टरांनी रात्रभर तयारी केली असेल, निरोप गेलेला असेल, काहींनी शुल्क परत घेतलं असेल. डॉ. अ आले तर पहिल्या रांगेत बसवा, चिठ्ठ्यांतल्या एखाद्या प्रश्नाला त्यांनीही उत्तर द्यावं.

रविवारची पेटी

मला इथे दोघांचंही पटत नाही. हे डॉ. ब यांना विचारावं. ज्येष्ठ समोर बसले असताना बोलायला त्यांना अवघड होईल की आधार वाटेल, हे आपण कसं ठरवणार? कदाचित दोघांची मिळून मुलाखत त्यांनाच आवडेल.

शाईपेन

आत्ताच विचारलं. त्या म्हणाल्या, दोघांची चालेल, पण पहिली दहा मिनिटं माझी मला द्या. निरोप ७.५० ला गेला. फोनवर चार जण बसले आहेत. फलकवाल्यांकडून अजून काही उत्तर नाही, म्हणून पडद्याची सोय करून ठेवतो आहे.

ध्वनिमुद्रक

मुलाखतीला माइक दोन नाही, तीन सांगा. आणि मुलाखतीच्या खुर्च्या पडद्याच्या अगदी पुढे नकोत, प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांवर येतो. पाचला जाऊन बसून बघा.